नव्या मालाचा विक्री अंदाज भरकटतो तेव्हा: होल्टच्या पद्धतीत आधी काय तपासायचं

माल बाजारात येऊन आठ-दहा आठवडे झालेले असतात. एक्सेलमध्ये किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेंडसह एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग, म्हणजे होल्टची पद्धत, लावलेली असते. आणि पुढच्या महिन्याचा अंदाज असा येतो की खरेदीवाला तो पाहून फोनच करतो. छोट्या खाद्यपदार्थ उत्पादकांकडे हा बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. कारणं बहुतेक वेळा तीच असतात, पण लोक शोधायला सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. अल्फा-बीटा बदलत बसतात, आणि दोष असतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आकड्यांत.

लक्षणं

अंदाजाची रेघ सरळ वर चढत जाते, प्रत्यक्ष विक्री मात्र जवळपास स्थिर असते. मागच्या आठवड्यांतल्या चुका पाहिल्या तर त्या सगळ्या एकाच चिन्हाच्या निघतात, म्हणजे दर वेळी अंदाज जास्त आणि विक्री कमी. हे सगळ्यांत जास्त वेळा दिसणारं लक्षण.

याच्या उलट, अंदाज घसरत घसरत शून्याच्या खाली जातो. उणे पेट्या कोणी विकत नाही, तरी शीटवर तो आकडा असतो.

तिसरं लक्षण म्हणजे अंदाज दर आठवड्याला तोंड फिरवतो. या सोमवारी पुढच्या महिन्याला १५० पेट्या, पुढच्या सोमवारी ७०, त्याच्या पुढच्या सोमवारी १४०. आणि चौथं, जे कमी दिसतं पण जास्त फसवतं: अंदाज शांत, सपाट, दिसायला समंजस, पण विक्री दर आठवड्याला त्याच्या थोडी वरच राहते.

आधी पद्धत थोडक्यात, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे

चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही पद्धत दोनच गोष्टी लक्षात ठेवते. एक पातळी, म्हणजे आत्ता विक्री साधारण कुठे आहे. दुसरा ट्रेंड, म्हणजे दर आठवड्याला ती कितीने सरकते. दर आठवड्याला पातळी अधिक ट्रेंड असा अंदाज काढायचा, प्रत्यक्ष विक्री आली की चूक मोजायची, आणि त्या चुकीचा थोडा हिस्सा पातळीत व त्याहून थोडा हिस्सा ट्रेंडमध्ये घालायचा. हे हिस्से अल्फा आणि बीटा ठरवतात. खाली L म्हणजे पातळी, T ट्रेंड, F अंदाज, Y प्रत्यक्ष विक्री आणि e चूक.

```
F = L + T
e = Y - F
L_new = F + alpha * e
T_new = T + alpha * beta * e
```

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. ट्रेंड सुधारतो तो अल्फा गुणिले बीटा इतक्याच वेगाने. अल्फा ०.३ आणि बीटा ०.१ असेल, तर चूक कितीही मोठी असो, तिच्या फक्त ३ टक्के इतका ट्रेंड बदलतो. शंभर आठवड्यांचा इतिहास असेल तर हे चांगलंच आहे, सुरुवातीला काय भरलं होतं ते तोवर पुसून जातं. आठ आठवड्यांत ते पुसलं जात नाही. नव्या मालाच्या बाबतीत ट्रेंड हा मॉडेल शिकलेला नसतो, तुम्ही सुरुवातीला दिलेला असतो. म्हणून तपासणीचा क्रमही त्यानुसार लावायचा.

पहिली तपासणी: पहिला आठवडा पूर्ण होता का?

याला दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. निम्म्याहून अधिक वेळा मामला इथेच मिटतो.

कोल्हापूरकडच्या एका उत्पादकाची नाचणीची बिस्किटं घेऊ. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतर माल बाजारात गेला. वितरकाकडून दुकानांना गेलेल्या पेट्या, आठवड्यागणिक: ४०, ९०, ७८, ८४, ८८, ८६, ९३, ९५.

हाताने किंवा जुन्या शीटमध्ये होल्ट मांडताना सर्रास वापरली जाणारी सुरुवात अशी असते: दुसऱ्या आठवड्याची विक्री ही पातळी, आणि दुसरा वजा पहिला हा ट्रेंड. म्हणजे पातळी ९० आणि ट्रेंड ५०. मग तिसऱ्या आठवड्याचा अंदाज १४० येतो, विक्री होते ७८, चूक उणे ६२. ट्रेंड ५० वरून ४८.१४ वर येतो, एवढाच. चौथ्या आठवड्याचा अंदाज १७० च्या आसपास, विक्री ८४. असं करत आठव्या आठवड्याअखेर पातळी १७४ आणि ट्रेंड ३२ वर पोचतो. बाराव्या आठवड्याचा अंदाज निघतो ३०३ पेट्या. ज्या मालाने आजवर एकाही आठवड्यात ९५ च्या वर विक्री पाहिलेली नाही, त्याचा.

आता बिलं बघा. माल गुरुवारी बाजारात गेला. वितरकाची गाडी सोमवार ते शनिवार फिरते, म्हणजे पहिल्या आठवड्यात विक्रीचे तीनच दिवस. तीन दिवसांत ४० म्हणजे पूर्ण आठवड्याला ८०. पन्नासचा ट्रेंड बाजारात कधी नव्हताच, तो कॅलेंडरमधून आला होता.

उपाय सोपा आहे. अर्धवट आठवडा एक तर काढून टाका, नाही तर विक्रीच्या दिवसांवरून पूर्ण आठवड्याचा करा. मी शक्यतो काढतो, कारण पहिल्या तीन दिवसांत उत्सुकतेपोटी घेणारेही असतात आणि तो वेग टिकत नाही. चालू आठवड्याचीही हीच तपासणी करा. बुधवारी शीट उघडली आणि शेवटच्या ओळीत अर्ध्या आठवड्याची विक्री असली, की ट्रेंड खाली ओढला जातो.

दुसरी तपासणी: हा आकडा नेमका कुणाच्या विक्रीचा आहे?

इथे एक-दोन फोन करावे लागतात.

कंपनीकडून वितरकाला जाते ती प्रायमरी विक्री. वितरकाकडून दुकानाला जाते ती सेकंडरी. टॅलीत सहज मिळते ती प्रायमरी, म्हणून लोक तीच घेतात. पण नवा माल आला की वितरक आधी गोडाऊन भरतो. समजा पहिल्या आठवड्यात त्याने २४० पेट्या उचलल्या आणि दुसऱ्या आठवड्यात ६०. मघाच्याच सुरुवातीने ट्रेंड होतो उणे १८०, आणि तिसऱ्या आठवड्याचा अंदाज ६० वजा १८०, म्हणजे उणे १२०. अंदाज शून्याखाली जाण्याचं दुसरं लक्षण आलं ते इथूनच. गिऱ्हाईक कमी झालेलं नसतं, गोडाऊन भरलेलं असतं.

शक्य असेल तिथे सेकंडरी घ्या. वितरक आकडे देत नसेल तर निदान आठवड्याअखेरचा त्याच्याकडचा साठा विचारा. आरंभीचा साठा अधिक आलेला माल वजा अखेरचा साठा, एवढ्यावर सेकंडरी निघते. गोडाऊनची तूटफूट आणि परत आलेला माल त्यात मिसळतो, पण प्रायमरीपेक्षा ती कैक पटींनी बरी.

दुसरा प्रश्न शून्यांचा. एखाद्या आठवड्यात विक्री शून्य किंवा एकदम कमी दिसते. माल संपला होता का? पॅकिंगचा रोल आला नाही म्हणून उत्पादन बंद होतं का? तसं असेल तर तो आकडा मागणीचा नाही आणि मॉडेलला तो दाखवायचाच नाही. तो कप्पा रिकामा ठेवा आणि त्या आठवड्यात पातळी नुसती ट्रेंडने पुढे सरकू द्या, ट्रेंडला हात लावू नका. खालच्या शीटमध्ये तशी सोय केली आहे. तुटवड्याच्या पुढच्याच आठवड्यात अडलेल्या ऑर्डरी एकदम निघाल्या असतील, तर तोही आठवडा संशयाने बघा.

तिसरी तपासणी: सॉफ्टवेअरने आपणहून काय केलं?

एक्सेलमधलं `FORECAST.ETS` वापरत असाल तर तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे हंगाम. तो रकाना रिकामा सोडला की एक्सेल हंगाम स्वतः शोधायला जातं. आठ आठवड्यांत वर्षाचा हंगाम सापडूच शकत नाही, तिथे १ लिहा म्हणजे हंगाम धरला जाणार नाही. दुसरी म्हणजे एकाच तारखेच्या अनेक ओळी. बिलावार यादी तशीच दिली तर एक्सेल त्यांची बेरीज करत नाही, सरासरी घेतं. आठवड्याची बेरीज आधी स्वतः करून घ्या. तिसरी, मधले गाळलेले आठवडे ते शेजारच्या आकड्यांवरून भरून काढतं. तुटवड्यासाठी हे ठीक, पण खरोखरच शून्य विक्री असेल तर शून्य लिहिलेलंच हवं. खालच्या सूत्रांत A मध्ये आठवडा आणि B मध्ये विक्री आहे; तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरुवात का, ते चौथ्या तपासणीत येईल.

```
=FORECAST.ETS(A12,B3:B8,A3:A8,1)
=FORECAST.ETS.STAT(B3:B8,A3:A8,2,1)
```

दुसरं सूत्र एक्सेलने निवडलेला बीटा सांगतं. त्यातल्या २ च्या जागी १ लिहिलं की अल्फा कळतो. हे दोन्ही पाहिल्याशिवाय एक्सेलच्या अंदाजावर सही करू नका. सहा आकड्यांवरून त्याने बीटा थेट १ च्या जवळ नेला असेल तर तिसऱ्या लक्षणाचं, म्हणजे तोंड फिरवणाऱ्या अंदाजाचं, कारण तुमच्या समोर आहे.

चौथी तपासणी: सुरुवातीचा ट्रेंड कुठून आला?

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि तुम्हीही घालवावा.

सुरुवातीचा ट्रेंड दोन आकड्यांच्या वजाबाकीतून कधीही घेऊ नका. दोन आठवड्यांतल्या फरकात खरा कल किती आणि योगायोग किती, हे वेगळं करता येत नाही. हाताशी असलेल्या सगळ्या स्वच्छ आठवड्यांतून एक सरळ रेघ काढा, तिचा चढ हा ट्रेंड आणि पहिल्या स्वच्छ आठवड्याच्या आधीच्या आठवड्यातली तिची उंची ही पातळी.

शीट अशी लावा की ओळीचा क्रमांक आणि आठवड्याचा क्रमांक एकच राहील. A मध्ये आठवडा, B मध्ये विक्री, C मध्ये पातळी, D मध्ये ट्रेंड, E मध्ये अंदाज. H1 मध्ये अल्फा, H2 मध्ये बीटा. तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचं तर दुसरी ओळ फक्त सुरुवातीसाठी राहते.

```
D2: =SLOPE(B3:B8,A3:A8)
C2: =INTERCEPT(B3:B8,A3:A8)+A2*D2
E3: =C2+D2
C3: =IF(B3="",E3,E3+$H$1*(B3-E3))
D3: =IF(B3="",D2,D2+$H$1*$H$2*(B3-E3))
```

C3, D3 आणि E3 खाली ओढत न्या. पहिल्या आठवड्याची ४० आपण काढलीच आहे. आता प्रश्न उरतो दुसऱ्या आठवड्याच्या ९० चा. तो ठेवायचा की नाही?

दोन्ही करून बघू. अल्फा ०.३, बीटा ०.१ तेच. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतचे सात आकडे घेतले तर रेघेचा चढ येतो आठवड्याला १.६८ पेटी, आणि होल्टमधून बाराव्या आठवड्याचा अंदाज १०० पेट्या. दुसरा आठवडा सोडून तिसऱ्या ते आठव्यापर्यंतचे सहा आकडे घेतले तर चढ ३.१४, आठव्या आठवड्याअखेर पातळी ९५.२, आणि बाराव्या आठवड्याचा अंदाज १०८.

एका आठवड्याच्या निर्णयाने चढ जवळपास दुप्पट झाला. यातलं बरोबर कोणतं हे गणित सांगू शकत नाही. वितरकाच्या बिलबुकातून ते कळतं. दुसऱ्या आठवड्याची बिलं काढली तर त्यात बरीचशी पहिल्यांदा माल घेणाऱ्या दुकानांची निघाली. सेल्समन नव्याने रूटवर फिरला, दुकानदारांनी फळी भरण्यापुरता माल ठेवून घेतला. म्हणजे वितरकाच्या गोडाऊनला जे झालं तेच इथे दुकानाच्या फळीला झालं. पुढच्या आठवड्यांत मात्र बहुतेक बिलं परत घेणाऱ्या दुकानांची होती. तेव्हा ९० काढायला कारण आहे, आणि मी ते काढतो. असं कारण बिलांत सापडलं नसतं तर ते ठेवलं असतं आणि १०० चा अंदाज दिला असता. रेघ सुंदर दिसावी म्हणून आकडा काढायचा नाही. ज्या आठवड्याविषयी सांगण्यासारखी घटना आहे तोच काढायचा, आणि ती घटना शीटमध्ये शेजारी लिहून ठेवायची.

एक सावधगिरी. सुरुवातीची पातळी आणि ट्रेंड ज्या आकड्यांवरून काढले, त्याच आकड्यांवर मॉडेलच्या चुका मोजल्या तर त्या लहानच येणार. वरच्या शीटमध्ये तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतची सर्वांत मोठी चूक जेमतेम ३.७ पेट्यांची दिसते. तिच्यावरून राखीव साठा ठरवू नका. खरी परीक्षा पुढे आहे.

पाचवी तपासणी: अल्फा आणि बीटा

इथवर आल्यावरच यांना हात लावायचा. सॉल्व्हरला किंवा सॉफ्टवेअरला कमीत कमी चुकीचे अल्फा-बीटा शोधू द्यायचे, हा दीर्घ इतिहासासाठीचा मार्ग आहे. सहा-आठ आकड्यांवर तो चालवला की उत्तर बहुधा टोकाला जातं, ० किंवा १ जवळ. टोकाचं उत्तर दिसलं की समजा, आकड्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं आणि सॉल्व्हर योगायोगाच्या मागे धावला.

बीटा मोठा असण्याचा तोटा एका हिशोबात दिसतो. समजा एखाद्या आठवड्यात एका शाळेने वीस पेट्या जास्तीच्या घेतल्या, एकदाच. अल्फा आणि बीटा दोन्ही ०.८ असतील तर ट्रेंड २० गुणिले ०.६४, म्हणजे १२.८ पेट्यांनी वाढतो. सहा आठवडे पुढचा अंदाज फक्त ट्रेंडमुळे सुमारे ७७ पेट्यांनी फुगतो. अल्फा ०.३ आणि बीटा ०.१ असतील तर ट्रेंड ०.६ पेटीने वाढतो आणि सहा आठवड्यांपुढे फरक पडतो ३.६ पेट्यांचा.

म्हणून छोट्या इतिहासात मी अल्फा ०.२ ते ०.४ आणि बीटा ०.०५ ते ०.१५ यांच्यात हाताने ठेवतो आणि पहिले तीन-चार महिने बदलत नाही. काही जण चुकीची सुरुवात लवकर पुसावी म्हणून बीटा वाढवतात. तसं केलं की पहिलं लक्षण जातं आणि तिसरं येतं. सुरुवात बिघडली असेल तर सुरुवातच दुरुस्त करा.

सपाट, मागे पडणाऱ्या अंदाजाचं चौथं लक्षण बहुधा सुरुवातीचा ट्रेंड शून्य ठेवल्याने येतं. लागोपाठ पाच-सहा चुका अधिक चिन्हाच्या आल्या तर बीटाला हात न लावता चौथ्या तपासणीकडे परत जा आणि रेघ नव्याने काढा.

सहावी तपासणी: ट्रेंड किती दूर न्यायचा?

ट्रेंड बरोबर असला तरी तो कायम चालत नाही. साधी होल्ट पद्धत मात्र तो अनंतापर्यंत नेते. आपल्या बिस्किटांचा अंदाज बाराव्या आठवड्याला १०८ आहे, पण हाच ट्रेंड सव्विसाव्या आठवड्यापर्यंत नेला तर १५२ येतो.

इथे परत बिलबुक उघडा आणि दर आठवड्याला किती दुकानांनी माल घेतला ते मोजा. तिसऱ्या आठवड्यात १५६ दुकानं आणि ७८ पेट्या. आठव्या आठवड्यात १९० दुकानं आणि ९५ पेट्या. दोन्ही वेळा दुकानामागे अर्धी पेटी. म्हणजे दुकानातली विक्री वाढलेलीच नाही, दुकानं वाढली आहेत. वितरकाच्या रूटवर एकूण २२० दुकानं असतील, तर सगळी भरल्यावर ११० पेट्यांना ही वाढ थांबणार. ट्रेंडला छत आहे, आणि ते कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे.

यासाठी ओसरत्या ट्रेंडची सुधारणा आहे, गार्डनर आणि मॅकेन्झी यांनी १९८५ मध्ये मांडलेली. ट्रेंडला दर आठवड्यागणिक फाय या १ पेक्षा लहान संख्येने गुणत जायचं. खाली h म्हणजे किती आठवडे पुढचा अंदाज, आणि दुसरी ओळ म्हणजे अंदाजाचं छत.

```
F(h) = L + (phi + phi^2 + ... + phi^h) * T
limit = L + T * phi / (1 - phi)
```

फाय ०.८५ घेतला तर बाराव्या आठवड्याचा अंदाज १०४ होतो, सव्विसाव्याचा ११२, आणि कितीही पुढे गेलं तरी ११३ च्या वर जात नाही. मूळ पद्धतीत फाय हा दर आठवड्याच्या दुरुस्तीतही येतो, म्हणजे L + T च्या जागी L + phi * T. इथे फरक नीट दिसावा म्हणून मी तो फक्त पुढच्या अंदाजात लावला आहे. फाय सॉल्व्हरला शोधायला लावू नका. छत माहीत असेल तर दुसऱ्या ओळीतून उलटा काढा, माहीत नसेल तर ०.८ ते ०.९ मध्ये ठेवा. नव्या मालासाठी मी ओसरत नसलेला ट्रेंड महिन्याच्या पुढे वापरतच नाही.

एक गोष्ट यातून सुटते ती सणांची. जूनमध्ये आलेला माल ऑगस्टपर्यंत वाढला आणि पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी आहेत. त्या काळातली चढ-उतार ट्रेंड समजून आत घेतली की दिवाळीनंतरचा अंदाज बिघडतो. हंगाम शिकवायला दोन वर्षांचा इतिहास लागतो आणि तो आपल्याकडे नाही. सणाचे आठवडे मॉडेलबाहेर ठेवा, आणि वितरकाच्या ऑर्डरी व जवळच्या जुन्या मालाचा गेल्या वर्षीचा सणाचा अनुभव यांवरून ते वेगळे ठरवा.

सातवी तपासणी: मागे उभं राहून अंदाज

ही सर्वांत कष्टाची, म्हणून शेवटी. आपण सहाव्या आठवड्याअखेर उभे आहोत असं समजा आणि सातवा-आठवा आठवडा झाकून टाका. रेघ फक्त तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांवरून काढली तर सुरुवातीची पातळी ७७ आणि ट्रेंड २.८ येतो. होल्ट चालवला की सातव्यासाठी ९१ आणि आठव्यासाठी ९४ पेट्या निघतात. प्रत्यक्षात ९३ आणि ९५. सरासरी चूक पावणेदोन पेट्यांच्या आत.

त्याच्या शेजारी सगळ्यांत आळशी अंदाज ठेवा: गेल्या आठवड्याइतकंच पुढे. सहाव्या आठवड्यात ८६, म्हणून दोन्ही आठवड्यांना ८६. सरासरी चूक ८ पेट्या. इथे ट्रेंडने आपली जागा कमावली. पण ही परीक्षा दोनच आठवड्यांची आहे, तेव्हा दर आठवड्याला तीच पुढे सरकवत न्या आणि दोन्ही चुका शेजारी लिहीत राहा. महिनाभर लिहिल्यावर आळशी अंदाज बरोबरीत किंवा पुढे असेल तर ट्रेंड काढून टाका आणि नुसती पातळी वापरा. ट्रेंड ठेवलाच पाहिजे असा नियम नाही.

कुठे थांबायचं आणि माणूस कधी बोलवायचा

अर्धवट, तुटवड्याचे आणि फळी भरण्याचे आठवडे काढल्यावर पाचपेक्षा कमी आठवडे उरत असतील तर होल्ट बंद करा. त्या मालाला अजून इतिहासच नाही. तुमच्याच एखाद्या जुन्या, तशाच किमतीच्या आणि त्याच दुकानांत जाणाऱ्या मालाचे पहिले तीन महिने काढा आणि त्यावरून चाला.

निम्म्याहून अधिक आठवड्यांत खरीखुरी शून्य विक्री असेल तरीही थांबा. अशा तुटक मागणीसाठी १९७२ सालची क्रॉस्टनची पद्धत आणि तिच्या पुढच्या सुधारणा आहेत, तिथे ट्रेंड वेगळ्या रीतीने हाताळावा लागतो. हे काम शीटवर घरच्या घरी करू नका.

अंदाजावर मोठा पैसा अडकणार असेल, तर डिमांड प्लॅनिंग करणारा किंवा संख्याशास्त्र जाणणारा माणूस आधी बोलवा. नवीन साचे, छापील रॅपरची किमान ऑर्डर, वर्षभराचा नाचणीचा सौदा, लवकर खराब होणारा माल. अशा ठिकाणी एक आकडा पुरत नाही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती हे लागतं, आणि सहा आठवड्यांवरून तो पट्टा प्रामाणिकपणे काढणं अवघड असतं. सॉफ्टवेअर जो पट्टा दाखवतं तो अल्फा, बीटा आणि सुरुवात बरोबर आहेत असं धरून काढलेला असतो, म्हणून छोट्या इतिहासात तो खऱ्यापेक्षा अरुंद निघतो.

आणि दुकानामागची विक्री घसरत असताना दुकानं वाढल्यामुळे एकूण आकडा चढतो आहे असं दिसलं, तर त्याच दिवशी थांबा. लोकांनी एकदा घेऊन पाहिलं आणि परत घेतलं नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. पहिल्यांदा घेणारे आणि परत घेणारे वेगळे मोजणारी मॉडेल्स असतात, नव्या मालाचा प्रसार मांडणारं १९६९ चं बास मॉडेलही आहे, पण ती बसवायला अनुभवी हात लागतो. त्याच्याकडे जाताना चार गोष्टी घेऊन जा: आठवडावार सेकंडरी विक्री, आठवडावार माल घेणाऱ्या दुकानांची संख्या, त्यांतली परत घेणारी किती, आणि माल नसलेल्या दिवसांची यादी. ही यादी नसेल तर त्याचा पहिला आठवडा तीच गोळा करण्यात जाईल आणि त्याचे पैसे तुम्ही द्याल.